शिक्षण कर्ज पंधरा वर्षांचं, व्याजाची सूट आठच वर्षं. मोजणी कुठून सुरू होते ते आधी बघा

सुपा (ता. पारनेर) : पुणे-अहिल्यानगर रस्त्याने जाताना सुपा एमआयडीसीच्या गेटबाहेर शिफ्ट सुटायच्या वेळेला उभं राहिलं, तर पाठीला सॅक लावलेली पंचविशीतली पोरं दिसतात. कोणी पुण्यात इंजिनिअरिंग केलेलं, कोणी नगरला, कोणी आणखी लांब. त्यातल्या बऱ्याच जणांच्या पगारातून महिन्याच्या पाच-दहा तारखेला शिक्षण कर्जाचा हप्ता कापला जातो. जुलै आला की यांच्यात एकच चर्चा असते, रिटर्न भरायचं आणि कर्जाच्या व्याजाची सूट घ्यायची. ‘व्याज भरलंय ना, मग सूट मिळतीच की,’ असं सगळे धरून चालतात. सूट मिळते हे खरंच आहे. पण ती किती वर्षं मिळते आणि ती वर्षं कधीपासून मोजतात, हे बँकेच्या काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. विचारणारेही कमीच.

बँका शिक्षण कर्ज देतात ते साधारण भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेच्या धर्तीवर. त्यात शिक्षण संपेपर्यंत आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो. नंतर परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. आयकर कायद्यातली व्याजाची सूट मात्र आठच वर्षं आहे. पंधरा आणि आठ या दोन आकड्यांमध्ये जी सात वर्षं उरतात, त्या वर्षांत व्याज भरायचं पण करात त्याचा छदामही उपयोग नाही. त्यात आठ वर्षांची मोजणी चुकीच्या जागी सुरू झाली, तर हातात तीन-चार वर्षंच शिल्लक राहतात.

कायदा काय म्हणतो

आयकर कायदा 1961 मध्ये ही सूट कलम 80 ई खाली आहे. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा 2025 लागू झाला, त्यात हीच तरतूद कलम 129 मध्ये गेली. कलमाचा नंबर बदलला, आठ वर्षांची अट तीच राहिली. या जुलैमध्ये जे रिटर्न भरायचं आहे ते 2025-26 या आर्थिक वर्षाचं, म्हणून त्यात अजून 80 ई हेच नाव चालेल.

सूट फक्त व्याजाला आहे, मुद्दलाला नाही. पूर्वी असं नव्हतं. वीस वर्षांपूर्वीपर्यंत मुद्दल आणि व्याज मिळून वर्षाला 40 हजारांपर्यंत वजावट मिळायची. 2005 च्या वित्त कायद्याने ते बदललं. मुद्दल बाहेर काढलं, पण व्याजावरची वरची मर्यादा उठवली. म्हणून आज वर्षाला व्याज वीस हजार भरा नाहीतर दोन लाख भरा, जितकं भरलं तितकं सगळं उत्पन्नातून वजा होतं. रकमेला मर्यादा नाही आणि वर्षांना आहे, हे या कलमाचं खरं रूप.

ती वर्षं अशी मोजतात. करदाता ज्या आर्थिक वर्षात त्या कर्जावरचं व्याज भरायला सुरुवात करतो, ते पहिलं वर्ष. त्याला लागून पुढची सात. अशी एकूण आठ, किंवा त्याआधी व्याज फिटलं तर तिथपर्यंत. यात ‘लागून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मधलं एखादं वर्ष सोडून पुढे जोडून घेता येत नाही. नोकरी सुटली, वर्षभर हप्ता भरला नाही, कर बसण्याइतकं उत्पन्नच नव्हतं, यातलं काहीही झालं तरी मोजणी थांबत नाही. सूट मागितली की नाही मागितली, यावरही ती अवलंबून नाही. व्याजाचा पहिला रुपया भरला की मोजणी सुरू.

कर्ज मंजूर कधी झालं, पहिली रक्कम कॉलेजला कधी गेली, पहिला हप्ता कधी बसला, याला या मोजणीत स्वतःचं असं स्थान नाही. व्याज पहिल्यांदा कधी भरलं, एवढंच बघतात.

एका कर्जाचा हिशेब

समजा, पारनेर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबातल्या मुलाने 2021 मध्ये इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. कर्ज 10 लाख, दरवर्षी अडीच लाख कॉलेजला जाणार. मुलगा मुख्य कर्जदार, वडील सहकर्जदार. व्याजदर हिशेबाला सोपा म्हणून 10 टक्के धरू, आणि रक्कम दरवर्षी सुरुवातीलाच उचलली असं धरू. 2025 ला शिक्षण संपलं, त्यापुढे एक वर्ष सवलतीचं, आणि एप्रिल 2026 पासून पंधरा वर्षांचा हप्ता.

शिकत असतानाच्या काळात बँक सरळव्याज लावते. पहिल्या वर्षी 25 हजार, दुसऱ्या वर्षी 50 हजार, तिसऱ्या वर्षी 75 हजार, चौथ्या आणि पाचव्या वर्षी एकेक लाख. पाच वर्षांचं मिळून साडेतीन लाख. हे ज्या त्या वेळी भरलं तर एप्रिल 2026 ला कर्ज 10 लाखच राहतं आणि महिन्याचा हप्ता साधारण 10 हजार 746 रुपये बसतो. नाही भरलं तर ते मुद्दलात मिसळतं, कर्ज साडेतेरा लाखांचं होतं आणि हप्ता साडेचौदा हजारांवर जातो.

आता सूट बघू. व्याज घरच्यांनी वेळच्या वेळी भरलं, कर्ज 10 लाखांवर राहिलं आणि मुलाने स्वतः व्याज भरायला सुरुवात एप्रिल 2026 पासून केली, असं धरा. त्याची आठ वर्षं 2026-27 ते 2033-34. पहिल्या वर्षी हप्त्यांतलं व्याज साधारण 98 हजार 600, दुसऱ्या वर्षी 95 हजार 500, तिसऱ्या वर्षी 92 हजार. असं उतरत उतरत आठव्या वर्षी ते 68 हजारांवर येतं. आठ वर्षांत मिळून सुमारे 6 लाख 79 हजार व्याज भरलं जातं आणि त्या सगळ्याला सूट आहे. पंधरा वर्षांचं एकूण व्याज 9 लाख 34 हजारांच्या आसपास होतं. म्हणजे वर्षं निम्मीच मिळाली तरी व्याजाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग सुटीत येतो, कारण हप्त्यात सुरुवातीला व्याज जास्त आणि मुद्दल कमी असतं. उरलेलं अडीच लाखांच्या वरचं व्याज नवव्या वर्षापासून बिनसुटीचं.

हा झाला सरळ रस्ता. पण गावाकडे व्याज भरायची पद्धत वेगळी असते आणि घोळ तिथेच होतो.

मुलगा पहिल्या वर्षाला असताना बँकेतून फोन येतो, व्याज भरत राहिलात तर दरात सूट मिळेल. हे खोटं नाही. शिक्षणाच्या काळात व्याज नियमित भरणाऱ्याला अनेक बँका दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात. वडील कांद्याच्या पट्टीतून पैसे काढतात आणि मुलाच्याच बचत खात्यावर टाकतात, कारण कर्जखात्याला तेच खातं जोडलेलं असतं. तिथून बँक व्याज वळतं करून घेते. कागदावर व्याज कोणी भरलं? मुलाने. त्याची मोजणी 2021-22 लाच सुरू झाली. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा, उत्पन्न शून्य, रिटर्न भरायचा प्रश्नच नाही. 2021-22 ते 2025-26 ही पाच वर्षं सुटीची म्हणून गेली आणि त्या पाच वर्षांत वजा करायला उत्पन्नच नव्हतं. उरली तीन. 2028-29 नंतर सूट बंद. हप्त्यांच्या काळात त्याला 6 लाख 79 हजारांऐवजी फक्त 2 लाख 86 हजारांच्या व्याजावर सूट मिळेल. जवळपास 3 लाख 93 हजारांची वजावट गेली. वीस टक्क्यांच्या टप्प्यात बसणाऱ्याला अधिभार धरून हा 82 हजारांच्या आसपास कर होतो.

मग शिकताना व्याज भरूच नये का? असा उलटा अर्थ काढला तर जास्त नुकसान होईल. ते साडेतीन लाख मुद्दलात मिसळले तर त्या वाढीव रकमेपोटीच महिन्याला साधारण 3 हजार 760 रुपये जादा हप्ता पंधरा वर्षं भरावा लागतो. बेरीज पावणेसात लाखांवर जाते. 82 हजारांच्या करापायी एवढा बोजा ओढवून घेणं हा व्यवहार नव्हे. व्याज परवडत असेल तर भरावंच, फक्त ते वडिलांनी सहकर्जदार म्हणून स्वतःच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरावं. कलमातली पहिल्या वर्षाची व्याख्या ‘करदाता व्याज भरायला लागतो ते वर्ष’ अशी आहे, म्हणजे ती ज्याच्या त्याच्यापुरती आहे. वडिलांनी भरलं तर नोंद वडिलांची. मुलाने पगारातून भरायला सुरुवात केली की मुलाची. यासाठी दोघांच्या खात्यांचे उतारे वेगळे आणि स्पष्ट असले पाहिजेत. पैसे आधी मुलाच्या खात्यात फिरवले की हे वेगळेपण सिद्ध करणं अवघड होतं.

मार्चचा एक हप्ता

दुसरी चूक याहून बारीक आहे आणि चांगली शिकलेली पोरंही ती करतात. वरच्याच मुलाचा पहिला हप्ता एप्रिलऐवजी 5 मार्च 2026 ला कापला गेला असं धरा. फरक एका महिन्याचा. पण 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं. म्हणजे 2025-26 हे त्याचं पहिलं वर्ष ठरलं आणि त्यात व्याज किती भरलं? एका महिन्याचं, आठ हजार तीनशेच्या आसपास. आठ वर्षांतलं एक वर्ष एका हप्त्यात खर्ची पडलं. शेवटची सूट 2032-33 ला संपेल. 96 हप्त्यांऐवजी 85 हप्त्यांच्याच व्याजाला सूट मिळेल आणि मागच्या अकरा हप्त्यांतलं 62 हजारांचं व्याज बाहेर राहील. वीस टक्क्यांच्या टप्प्यात हा तेरा हजारांच्या आत-बाहेरचा फटका आहे.

सवलतीचा काळ जानेवारी-फेब्रुवारीत संपणार असेल तर पहिला हप्ता एप्रिलात घेता येईल का, हे बँकेला आधीच विचारून घ्यावं. बँक हो म्हणेलच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. आणि नोकरी लागल्याच्या आनंदात मार्चमध्ये ‘थोडं व्याज भरून टाकू’ म्हणून हजार-पाचशे ऑनलाइन भरण्याची घाई करू नये. त्या पाचशे रुपयांनीही वर्ष मोजलं जातं.

पैसा कोणाचा, कर्ज कोणाचं

कलमात आणखी एक अट आहे आणि शेतकऱ्याच्या घरात तिला फार महत्त्व आहे. व्याज करपात्र उत्पन्नातून भरलेलं असलं पाहिजे. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. म्हणून कांदा, दूध किंवा डाळिंब यांतल्या ज्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यातून भरलेल्या व्याजाला सूट नाही. (दूध हा शेतीत धरायचा की वेगळा धंदा, हा स्वतंत्र वाद आहे. नुसता दूध धंदा शेती उत्पन्नात बसत नाही, एवढं इथे पुरे.) ज्या वडिलांना फक्त शेती आहे, त्यांना मुळात करच नाही, तेव्हा त्यांचं यात काही बिघडत नाही. बिघडतं ते मुलाचं.

एमआयडीसीत किंवा पुण्यात नोकरी करणारा मुलगा पगार झाला की घरी फोनपेवर दहा-बारा हजार पाठवतो. वडील त्यात घरचे थोडे घालून बँकेत हप्ता भरतात. घरात सगळ्यांना ठाऊक असतं की कर्ज पोरगंच फेडतंय. आयकर विभागाला मात्र दिसतं ते असं, की हप्ता वडिलांच्या खात्यातून गेला. मुलाने भरलेल्या व्याजाचा पुरावा काय? फोनपेचा मेसेज हा हप्त्याचा पुरावा होत नाही. पगार ज्या खात्यावर येतो त्याच खात्यातून हप्ता आपोआप कापला जाईल असं बँकेला लिहून द्यावं, एवढंच करायचं आहे. मग वाद राहत नाही.

कर्ज कोणाकडून घेतलं, हेही बघतात. बँकेचं किंवा केंद्र सरकारने या कलमासाठी अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेचं कर्ज असेल तर सूट आहे. मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचंही चालतं. आपल्या जिल्ह्यात मात्र पतसंस्थेचं कर्ज जवळचं असतं. ओळखीचा चेअरमन, दोन जामीनदार, आठ दिवसांत पैसे हातात. कर्ज सोयीचं असतं यात शंका नाही, पण पतसंस्थेच्या व्याजाला या कलमाखाली सूट मिळत नाही. सोनं ठेवून काढलेलं कर्ज, पर्सनल लोन किंवा पाहुण्यांकडून घेतलेले पैसे कॉलेजच्या फीला वापरले तरी ते उच्च शिक्षणासाठीचं कर्ज ठरवणं कठीण जातं, आणि पाहुण्यांच्या पैशाला तर सूट नाहीच. खासगी वित्तसंस्थेकडून शिक्षण कर्ज घेतलं असेल तर ‘तुमची संस्था 80 ई साठी अधिसूचित आहे का, अधिसूचना दाखवा’ असं लेखी विचारून ठेवावं.

सरकारी व्याज अनुदानाचंही तसंच. वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणासाठी केंद्राची योजना शिक्षणाच्या काळातलं व्याज भरते. 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश असेल तर, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. हे व्याज सरकारने भरलेलं असतं. ते स्वतः भरलं म्हणून रिटर्नमध्ये दाखवायचं नाही. बँकेच्या दाखल्यात अनुदानाची रक्कम वेगळी दाखवली आहे का, हे बघून घ्यावं.

नव्या करप्रणालीत ही सूटच नाही

एवढं सगळं वाचून रिटर्न भरायला बसणाऱ्याला पुढचा प्रश्न पडायलाच हवा. नव्या करप्रणालीत ही सूट मिळत नाही. ती फक्त जुन्या प्रणालीत आहे. आणि 2025-26 या वर्षापासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य आहे. पगारदाराला 75 हजारांची प्रमाणित वजावट धरली तर पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असला तरी कर नाही.

सुपा, रांजणगाव किंवा चाकणला सहा-आठ लाखांच्या पॅकेजवर काम करणाऱ्या मुलाने शिक्षण कर्जाच्या सुटीपायी जुनी प्रणाली निवडली तर तो स्वतःहून कर भरायला जातो. आठ लाख पगार, पन्नास हजारांची प्रमाणित वजावट, भविष्य निर्वाह निधी वगैरेचे पन्नास हजार आणि शिक्षण कर्जाचं 98 हजार व्याज, हे सगळं वजा केलं तरी जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न सहा लाखांच्या वर राहतं. त्यावर अधिभारासह 34 हजारांच्या आसपास कर बसतो. नव्या प्रणालीत त्याला एक रुपयाही नाही. गावात कोणी ‘80 ई टाकून रिफंड काढून देतो’ म्हणत असेल तर त्याला आधी दोन्ही प्रणालींचा आकडा शेजारी शेजारी लिहायला सांगावा.

मग सूट उपयोगाची कोणाला? ज्याचा पगार पावणेतेरा लाखांच्या बराच वर आहे आणि ज्याच्याकडे दुसऱ्या वजावटीही दांडग्या आहेत, त्याला. सोळा लाखांच्या पगाराचं उदाहरण घ्या. नव्या प्रणालीत त्याला अधिभारासह 1 लाख 13 हजार कर बसतो. जुन्यात कर त्याच्याइतका खाली आणायचा तर सगळ्या वजावटी मिळून सहा लाख वीस हजारांच्या घरात जाव्या लागतात. त्यात शिक्षण कर्जाचं व्याज लाखभर, 80 सी चे दीड लाख, प्रमाणित वजावट पन्नास हजार, म्हणजे तीन लाख झाले. उरलेले तीन लाख वीस हजार घरभाडे भत्ता, गृहकर्जाचं व्याज, आरोग्य विमा यांतून आले तर जुनी प्रणाली बरोबरीत येते. पुण्यात भाड्याने राहणाऱ्या आणि भत्ता मिळणाऱ्यांत असे काही जण सापडतील. सुप्यात घरी राहून कामाला जाणाऱ्यांत जवळपास कोणी नाही.

इथेच आठ वर्षांची अडचण पुन्हा येते. पगारदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते. आज आठ लाख पगार आहे म्हणून नवी प्रणाली घेतली, पाच वर्षांनी पगार अठरा लाख झाला म्हणून जुनीत आलो, हे चालतं. पण मधली पाच वर्षं नव्या प्रणालीत होतो म्हणून ती आठातून वगळा, असं म्हणता येत नाही. व्याज भरणं चालू होतं, म्हणजे मोजणीही चालू होती. मोठा पगार यायच्या वेळेला सुटीची वर्षं संपत आलेली असतात आणि राहिलेल्या वर्षांत व्याजही उतरलेलं असतं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत कमी पगार आणि जास्त व्याज, पुढे जास्त पगार आणि कमी व्याज, असं ते उलटं पडतं. सरकारने करमुक्त मर्यादा वाढवली ते स्वागताचंच आहे, पण शिक्षण कर्ज काढणाऱ्यासाठी ठेवलेली सूट त्यातून बहुतेकांच्या हातून निसटली, हेही बोललं पाहिजे.

मुदत लांबवावी का

काही जण सूट मिळते म्हणून हप्ता लहान आणि मुदत लांब ठेवतात. वरचंच 10 लाखांचं कर्ज पंधराऐवजी आठ वर्षांत फेडायचं ठरवलं तर हप्ता 10 हजार 746 वरून साधारण 15 हजार 174 वर जातो. महिन्याला साडेचार हजार जादा. एकूण व्याज मात्र 9 लाख 34 हजारांवरून 4 लाख 57 हजारांवर येतं आणि ते पूर्णच्या पूर्ण सुटीच्या आठ वर्षांत बसतं. जुन्या प्रणालीत वीस टक्क्यांचा टप्पा धरला तर पंधरा वर्षांच्या कर्जात कर वाचतो 1 लाख 41 हजार, आठ वर्षांच्या कर्जात 95 हजार. कर 46 हजारांनी जास्त वाचवायचा आणि त्यासाठी व्याज पावणेपाच लाखांनी जास्त भरायचं, असा तो सौदा होतो.

साडेचार हजार जादा काढणं सगळ्यांना जमत नाही हे खरं. ज्याला जमत नाही त्याने पंधरा वर्षांचीच मुदत घ्यावी, पण आठवं वर्ष संपेल त्याची तारीख लिहून ठेवावी. त्या दिवशी वरच्या उदाहरणात 6 लाख 47 हजार बाकी असतील. नवव्या वर्षीचं 61-62 हजारांचं व्याज बिनसुटीचं जाणार असतं. बोनस, पिकाचे पैसे किंवा दुसरीकडून आलेली रक्कम मुद्दलात टाकायची असेल तर त्या वेळेपासून तिला जास्त किंमत आहे.

रिटर्न भरताना बँकेकडून व्याजाचा दाखला घ्यायचा. त्यात त्या आर्थिक वर्षातलं मुद्दल आणि व्याज वेगवेगळं हवं. दोन शब्दांतला फरक डोळ्यात तेल घालून बघायचा, ‘आकारलेलं व्याज’ आणि ‘भरलेलं व्याज’. बँकेने खात्याला आकारलं पण तुम्ही भरलं नाही, तर त्याला सूट नाही. पहिलं वर्ष कोणतं याचा वाद टाळायला कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा एकदा काढून ठेवावा आणि त्यात व्याजापोटी जमा झालेली पहिली नोंद कोणत्या तारखेची, कोणाच्या खात्यातून, हे खुणेने दाखवून ठेवावं. आता रिटर्नच्या फॉर्ममध्ये नुसता व्याजाचा आकडा टाकून भागत नाही. बँकेचं नाव, कर्जखात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज आणि वर्षअखेरची बाकीही विचारतात. मंजुरीची तारीख 2014 ची आणि सूट 2025-26 ची मागितली, तर पहिलं व्याज कधी भरलं हा प्रश्न कोणीही विचारेल.

ज्यांना हिशेब करून जुनी प्रणालीच फायद्याची ठरते, त्या पगारदारांनी रिटर्न 31 जुलैच्या आत भरायचं आहे. तारीख उलटली तर उशिराच्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडता येत नाही. त्या वर्षाची व्याजाची सूट जाते आणि आठातलं ते वर्षही मोजलं जातं.